टिंब वर की टिंब खाली?

एका संशोधनग्रंथाच्या शेवटी जोडायची संदर्भसूची काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तपासायला आली. ग्रंथ इंग्रजी, सूचीतली बहुतेक पुस्तकं मराठी, थोडी संस्कृत, चार-दोन हिंदी. लेखकांची आणि पुस्तकांची नावं रोमन लिपीत टिंबं-रेघांसकट द्यायची, एवढाच नियम ठरला होता. कोणत्या पद्धतीची टिंबं, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. चार जणांनी चार तुकड्यांत सूची केली आणि शेवटी एकत्र जोडली. पुढे मूळ देवनागरी यादीची फाइल सापडेना, म्हणून रोमनवरून परत देवनागरी करून घ्यावी असं ठरलं. एका परिवर्तकातून सगळी सूची काढली आणि पहिल्याच पानावर टिळकांचं नाव असं आलं: टिऌअक.

पहिल्यांदा हसूच आलं. पण परिवर्तकाने चूक केली नव्हती. त्याला दिलेला तक्ता आयएएसटीचा, म्हणजे संस्कृतसाठी रूढ झालेल्या पद्धतीचा होता. त्या तक्त्यात खाली टिंब असलेला ḷ म्हणजे ऌ हा स्वर. सूची करणाऱ्याने `Tiḷaka` लिहिलं होतं ते ळ डोळ्यांसमोर ठेवून. यंत्राने टि वाचलं, मग ऌ हा स्वर वाचला, मग सुटा अ आणि शेवटी क. तक्त्याप्रमाणे चोख. हिंदी पुस्तकांची गत याहून वाईट. कुणीतरी ‘बड़ा’ हा शब्द `baṛā` असा लिहिला होता, त्याचं ‘बऋआ’ झालं, कारण आयएएसटीत ṛ म्हणजे ऋ.

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. मराठी मजकूर रोमन अक्षरांत काटेकोरपणे लिहायचा असेल तर कोणती पद्धत धरावी? ‘कोणतीही धरा, फक्त सगळीकडे तीच ठेवा’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. ते अर्धंच बरोबर आहे. सगळीकडे तीच ठेवणं हवंच, पण काही पद्धती मराठीला मुळातच तोकड्या पडतात आणि त्या कितीही नेमाने पाळल्या तरी माहिती गळतेच. माझं मत आधीच सांगून टाकतो: मराठीसाठी आयएसओ १५९१९ ही आंतरराष्ट्रीय मानक पद्धत वापरावी, तिच्यात दिलेल्या पर्यायांपैकी नेमके कोणते घेतले तेही ठरवावं, आणि आयएएसटी संस्कृतपुरती ठेवावी. याची किंमत मोजावी लागते, तीही लहान नाही. तिच्याबद्दल पुढे लिहितोच.

टिंबवाल्या तीन पद्धती एकमेकींपासून कशा ओळखायच्या ते आधी पाहू, कारण हाताशी आलेला मजकूर कोणत्या पद्धतीचा आहे हे बऱ्याचदा कुणीच लिहिलेलं नसतं. त्यासाठी एकच शब्द पुरतो: संस्कृत. तो `saṃskṛta` असा दिसला, अनुस्वाराचं टिंब m च्या खाली आणि ऋचं टिंब r च्या खाली, तर ती आयएएसटी. `saṁskr̥ta` असा दिसला, टिंब m च्या वर आणि r च्या खाली टिंबाऐवजी छोटं कडं, तर आयएसओ १५९१९. आणि `saṃskr̥ta` असा, म्हणजे टिंब खाली पण r ला कडं, असा मिश्र दिसला तर बहुधा अमेरिकी ग्रंथालयांची पद्धत, जी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सूचींत वापरतात. शंका राहिली तर महाराष्ट्र हा शब्द शोधावा. ग्रंथालयवाले मराठीतल्या ष ला `sh` लिहितात, म्हणून तिथे `Mahārāshṭra` मिळेल. बाकी दोन्हींत `Mahārāṣṭra`.

या तिघींची घडण वेगवेगळ्या कामांसाठी झाली. आयएएसटीचं मूळ १८९४ सालच्या जिनिव्हातल्या प्राच्यविद्या परिषदेपर्यंत नेतात. तिथे जमलेल्यांसमोर संस्कृत आणि पाली होती, बोलत्या भाषा नव्हत्या. त्यामुळे तिच्यात ॲ नाही, ऑ नाही, ड़ नाही, आणि ळ तर असून नसल्यासारखा आहे. ऋग्वेदाची सुरुवातच ‘अग्निमीळे’ने होते, म्हणजे पहिल्याच शब्दसमूहात ळ आहे. तो कुणी ḷ लिहितं, कुणी l च्या खाली रेघ देऊन ḻ लिहितं. संस्कृतच्या अभ्यासकाचं यावाचून अडत नाही, कारण ऌ हा स्वर त्याला ‘कॢप्’ या एका धातूच्या रूपांपलीकडे जवळजवळ भेटतच नाही. आपल्याला मात्र ळ पावलोपावली भेटतो आणि गंमत अशी की ‘कॢप्ती’ हा शब्दही आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. आयएएसटीत कॢप्ती म्हणजे `kḷptī`. ळ साठीही तेच अक्षर घेतलं तर टाळी म्हणजे `ṭāḷī`. माणूस संदर्भाने समजून घेतो. दोन व्यंजनांच्या बेचक्यात आला तर स्वर, नाहीतर ळ, असा नियम यंत्रालाही शिकवता येईल. पण असा नियम लागतो याचाच अर्थ पद्धत स्वतःच्या पायावर उभी नाही.

आयएसओ १५९१९ ही २००१ साली आली. देवनागरीबरोबर भारतातल्या इतर लिप्याही एकाच तक्त्यात बसवणं हे तिचं काम होतं. तिथे ऋ आणि ऌ या स्वरांना कडं मिळालं, r̥ आणि l̥, आणि टिंबवाली ṛ व ḷ मोकळी होऊन अनुक्रमे ड़ आणि ळ यांच्याकडे गेली. ॲ ला ê आणि ऑ ला ô मिळाला. बॅट `bêṭa`, डॉक्टर `ḍôkṭara`. एवढ्याने मराठीच्या निम्म्या तक्रारी मिटतात. टिळक `Tiḷaka`, कॢप्ती `kl̥ptī`, बड़ा `baṛā`, कृपा `kr̥pā`, आणि परतीच्या वाटेवर कुणी कुणाच्या जागी बसत नाही.

आणखी एक अक्षर आहे जे संस्कृतला लागत नाही आणि आपल्याला लागतं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावलं की ‘आचाऱ्यांना’, यावर मेजवानीला प्रवचन होणार की पंगत बसणार हे ठरतं. पहिल्यात रफार, दुसऱ्यात तो आडवा, पापणीसारखा र. युनिकोडमध्ये हा पापणीचा र बहुतेक वेळा ऱ या अक्षरापासून बनतो, आणि या अक्षराला आयएसओच्या तक्त्यात ṟ आहे, r खाली रेघ. तो वापरला की `daryā` आणि `daṟyā`, `ācāryāṁnā` आणि `ācāṟyāṁnā` असे दोन सरळ वेगळे शब्द उरतात. आयएएसटीत या दोघांचा एकच होतो, कारण तिच्या जगात पापणीचा र नाहीच. सूचीत असा शब्द आला तर परतीच्या वाटेवर आचाऱ्यांचे आचार्य होतात, आणि वाचणाऱ्याला त्यात काही खटकतही नाही. टिऌअक निदान डोळ्यांत खुपतं. ‘आचार्य’ अगदी शहाण्यासारखं बसून राहतं, म्हणून ही जात मला जास्त धोक्याची वाटते.

पण मला जास्त लिहायचं आहे ते अनुस्वाराबद्दल, कारण खरा निवाडा तिथे होतो.

आपण अनुस्वाराचं एकच टिंब अनेक कामांना वापरतो. अंक, पंच, खंड, संत, कंप या शब्दांत ते पुढच्या व्यंजनाच्या वर्गाचं अनुनासिक आहे: ङ्, ञ्, ण्, न्, म्. संयम, संशय, सिंह यांत ते आणखी निराळं बोललं जातं. ‘मुलांना’, ‘घरांत’ यांत ते अनेकवचनाची खूण आहे. जुन्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘करणें’ असे अनुच्चारित अनुस्वारही आहेत. ते १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी गेले, पण पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर अजून आहेत.

आता ग्रंथालयांची पद्धत काय करते? वर्गातल्या व्यंजनापूर्वी अनुस्वार आला की त्याचं अनुनासिक करून टाकते. देशपांडे `Deśapāṇḍe`, संत `santa`, अंक `aṅka`. टिंब फक्त य, र, ल, व, श, ष, स, ह यांच्या आधी आणि शब्दाच्या शेवटी उरतं. वाचायला हे फार सुखाचं आहे. `santa` वाचताना कुणालाही संत ऐकू येतो, `saṁta` वाचताना जीभ अडखळते. आयएसओतही ही सोय पर्याय म्हणून ठेवलेली आहे: सगळीकडे ṁ लिहा, किंवा वर्गीय व्यंजनापूर्वी त्या वर्गाचं अनुनासिक लिहा. पुष्कळ जण दुसरा पर्याय घेतात, आणि माझ्या मते मराठीसाठी तो चुकीचा आहे.

कारण आहे ‘देहांत’ आणि ‘देहान्त’. पहिला शब्द म्हणजे देहांमध्ये, दुसरा म्हणजे मरण. तसंच ‘वेदांत’ आणि ‘वेदान्त’: वेदांमध्ये काय सांगितलंय हा एक विषय, वेदान्त हे दर्शन दुसरा. आपले लेखनाचे नियम अशा जोड्यांसाठीच तत्सम शब्दांत परसवर्ण, म्हणजे अनुस्वाराऐवजी पुढच्या व्यंजनाच्या वर्गाचं अनुनासिक, लिहिण्याची मोकळीक ठेवतात. म्हणजे मराठी लिहिणारा जेव्हा ‘देहान्त’मध्ये न् जोडून लिहितो तेव्हा तो सवयीने नव्हे, मुद्दाम, अर्थ सांगण्यासाठी लिहितो. अनुस्वाराचं अनुनासिक केलं की दोन्हींचं `dehānta` होतं. लेखकाने हाताने ठेवलेला फरक आपण लिप्यंतर करताना पुसून टाकतो, आणि तोही वाचायला बरं वाटावं म्हणून. सगळीकडे ṁ ठेवला तर `dehāṁta` आणि `dehānta` हे दोन शब्द दोनच राहतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मराठीत आज परसवर्ण इतका कमी वापरतात की परतीच्या वाटेवर ‘सगळी अनुनासिकं अनुस्वार करा’ असा नियम लावला तरी शंभरातल्या नव्वदांहून जास्त शब्द बरोबर येतील. मान्य. पण जे चुकतील ते नेमके कुठले? जिथे लिहिणाऱ्याला फरक करायचा होता तेच. शिवाय जुन्या छापील पुस्तकांत ‘अन्त’, ‘पन्त’, ‘प्रान्त’ सर्रास आहेत, आणि संदर्भसूचीत जुनीच पुस्तकं जास्त असतात. ज्याला ग्रंथालयात जाऊन ते पुस्तक मागायचं आहे त्याला मुखपृष्ठावर काय छापलंय तेच हवं, आजच्या नियमाने काय असायला हवं होतं ते नको. हेच ‘कांहीं’ला लागू. जुन्या पुस्तकाच्या नावात ते असेल तर `kāṁhīṁ` असंच लिहावं. ‘काही’ शोधणाऱ्याला ते पुस्तक सापडणार नाही हे खरं, पण त्याचा उपाय सूचीत दुसरी नोंद देणं हा आहे. पुस्तकाचं नाव बदलणं नव्हे.

इथून पुढचा वाद उच्चाराचा, आणि तो मला नेहमी ऐकावा लागतो. ‘बोलतात’ला `bolatāta` कसं लिहिता? असं कोण बोलतं? कुणीच नाही. आपण लिहिलेला शेवटचा अ बोलत नाही, मधलेही बरेच गाळतो. `boltāt` लिहिलं तर वाचणाऱ्याला उच्चार कळतो. मग ते का नको?

पहिलं कारण ‘करता’. तुम्ही काम करता, आणि तुम्ही कामाचे कर्ता. बोलताना दोन्ही सारखेच, लिहिताना वेगळे. न बोललेला अ गाळला की दोन्ही `kartā`. तसंच तुम्ही पाणी भरता आणि संस्कृत नाटकातला भर्ता, दोन्ही `bhartā`. जोडाक्षर कुठे आहे आणि नुसता अ गिळलेला कुठे आहे हे देवनागरी सांगते. उच्चाराने जाणारं लेखन सांगत नाही. म्हणून मधला अ गाळण्याला माझा पूर्ण विरोध आहे.

शेवटच्या अ बद्दल मी बराच काळ डळमळीत होतो. मराठीत शब्दाच्या शेवटी पाय मोडत नाहीत. क्वचित, अर्थात, विद्वान हे शब्द मुळात व्यंजनान्त असूनही आपण पाय न मोडता लिहितो, नियमच तसा आहे. मग शेवटी व्यंजन दिसलं की तिथे अ आहे असं धरायला काय हरकत? `Rām` दिसलं की राम. हिशेब जुळतो. मित्र, गर्व यांसारख्या शब्दांत, जिथे शेवटी जोडाक्षर आहे, तिथे अ ठेवायचा. एवढी एक पुरवणी जोडली की नियम तयार.

हा नियम मोडला तो सूचीतल्या एका संस्कृत शीर्षकाने, ज्यात ‘सत्यम्’ होतं. तिथे पाय मोडलेला आहे. आणि दोन नोंदी सोडून ‘सत्यम’ हे एका लेखकाचं नाव. नियमाने दोन्ही `satyam`. मराठी पुस्तकाच्या नावात संस्कृत वचन येणं ही काही विरळा गोष्ट नाही, आणि संवादात ‘अन्’ लिहिणारे कथालेखकही आहेत. शेवटचा अ गाळायचा तर ‘हा शब्द मराठी की संस्कृत’ हे प्रत्येक शब्दाला विचारावं लागतं. ते विचारणं म्हणजे लिप्यंतर राहत नाही, संपादन होतं. अ लिहिला की `satyam` आणि `satyama`, काम संपलं. दिसायला ते विचित्र आहे. असू दे.

तसाच प्रश्न च, ज, झ यांचा. ‘हे जग’ आणि ‘सुखाने जग’ यातले दोन ज मराठी कानाला अगदी वेगळे आहेत. काही जण दुसऱ्याला dz लिहा म्हणतात. पण देवनागरीत दोन्ही एकच अक्षर आहे. लिपीत नसलेला फरक लिप्यंतरात घुसवला तर परतीच्या वाटेवर तो कुठे ठेवणार? ज्ञ चं तसंच. मराठी माणूस ज्ञान ‘द्न्यान’ म्हणतो, हिंदीभाषक ‘ग्यान’ म्हणतो, आणि तिन्ही टिंबवाल्या पद्धती `jñāna` लिहितात, जे या दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. उच्चार दाखवायचा असेल तर ध्वनिलेखन हे वेगळं शास्त्र आहे, त्याची चिन्हं वेगळी. दोन्ही कामं एकाच ओळीकडून करून घ्यायला गेलं की धड एकही होत नाही. नकाशांवरच्या आणि पाट्यांवरच्या नावांना रूढ असलेली हंटरची पद्धत हे त्याचं उदाहरण. ती उच्चाराच्या जवळ राहायला पाहते आणि खुणांमध्ये फक्त दीर्घ स्वरावरची रेघ ठेवते. त्यामुळे पात आणि पाट दोन्ही `pāt`. पाटीला ते पुरतं. सूचीला नाही.

आता किंमत. आयएसओची सगळ्यात मोठी अडचण तिच्या सगळ्यात चांगल्या गोष्टीतच आहे: ते कडं. ā, ṭ, ṇ, ś, ṣ, ḷ, ṁ ही सगळी अक्षरं युनिकोडमध्ये अखंड, एकेका क्रमांकाची आहेत. r̥ मात्र अखंड नाही. तो r आणि त्यापुढे U+0325 हे कडं, अशा दोन तुकड्यांनीच लिहावा लागतो. परिणाम छपाईत दिसतो. ज्या टंकात या कड्याची नीट जागा आखलेली नाही तिथे ते r च्या खाली न बसता उजवीकडे सरकतं, कधी पुढच्या अक्षराखाली जातं. आमच्या सूचीच्या पहिल्या मुद्रितात कृष्णाचं कडं ṣ च्या टिंबाला टेकलं होतं. टंक बदलला तेव्हा सुटलं. आयएएसटीचा ṛ अखंड असल्यामुळे या कटकटीतून वाचतो, आणि मला वाटतं पुष्कळ प्रकाशक आयएएसटीला चिकटून राहतात ते तत्त्वाने नव्हे, याच कारणाने.

दुसरी अडचण सगळ्याच टिंबवाल्या पद्धतींची आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त त्रास देते. ट लिहायला दोन वाटा आहेत: एक अखंड ṭ, क्रमांक U+1E6D, आणि दुसरी साधा t व त्यापुढे U+0323 हे टिंब. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. यंत्राच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी.

```python
import unicodedata as u
a = "\u1e6d"
b = "t\u0323"
print(a == b)                        # False
print(u.normalize("NFC", b) == a)    # True
```

आमच्या चौघांपैकी एकाच्या कळफलकाने सुटी टिंबं दिली होती, तिघांच्या अखंड. म्हणून ‘पाटील’ शोधलं की तीन तुकड्यांतले पाटील सापडत आणि चौथ्यातले नाहीत, आणि अकारविल्हे लावली की तेच पाटील दोन ठिकाणी बसत. कुणी चुकीचं लिहिलं असं दाखवताही येईना, कारण दिसायला सगळं बरोबर. अशी शंका आली तर ṭ च्या लगेच पुढे कर्सर नेऊन मागचं अक्षर पुसण्याची कळ एकदा दाबून पाहावी. अनेक संपादकांत फक्त टिंब जातं आणि t उरतो. तसं झालं तर अक्षर सुटं आहे. उपाय म्हणजे सगळी फाइल एकदा वरच्या NFC रूपात, म्हणजे जिथे अखंड अक्षर आहे तिथे तेच वापरणाऱ्या रूपात, आणणं. तो पाच मिनिटांचा आहे, पण तो करायला हवा हे कळायला आमचे दोन दिवस गेले.

तिसरी अडचण c ची. चव्हाण `Cavhāṇa` लिहिलं की इंग्रजी वाचणारा कव्हाण वाचतो. हा दोष तिन्ही पद्धतींत आहे आणि त्यामागे कारण आहे. या सगळ्या पद्धतींत व्यंजनापुढे h आला की ते महाप्राण: k-kh, t-th, p-ph. च ला c दिला तरच छ ला ch देऊन ही ओळ सरळ राहते. च ला ch दिला की छ ला chh लागतो आणि रचना वाकते. मला हे पटतं, पण हे पटवून घ्यायला वाचकाने तक्ता पाहिलेला असावा लागतो, हेही खरं. म्हणून चालू मजकुरात, परिच्छेदांत, माणसांची नावं रूढ स्पेलिंगनेच लिहावीत असं माझं मत आहे. माणूस स्वतःची सही जशी करतो तशी. टिंबं सूचीत, अवतरणांत आणि शब्दचर्चेत. प्रत्येक पानावर टिंबं शिंपडली की वाचक ती पाहायचंच सोडतो, आणि मग लिहिणाराही.

एक बारीक गोष्ट, जिचा मला आनंद वाटतो. ‘लै भारी’ आणि ‘लइ भारी’ असं दोन्ही लिहिलं जातं. बोलीतलं साहित्य रोमनमध्ये उतरवताना ऐ म्हणजे ai, आणि अ पुढे सुटा इ आला तरी ai. आयएसओने त्यासाठी मध्ये विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं ठेवली आहेत: `lai` आणि `la:i`. वर्षातून एकदा लागेल असं चिन्ह. पण लागलं तेव्हा तयार होतं.

ए आणि ओ बद्दल फार लिहीत नाही. आयएसओ त्यांना ē, ō अशी रेघ देते, कारण तिला कन्नड-तमिळमधले ऱ्हस्व ए-ओ वेगळे ठेवायचे असतात. मराठीत ती जोडी नाही आणि रेघ न देण्याचा पर्याय पद्धतीतच दिलेला आहे, तो घ्यावा. सूचीत कन्नड पुस्तकं असतील तर घेऊ नये.

आमची सूची शेवटी अशी केली: आयएसओ १५९१९, सगळीकडे ṁ, सगळे अ लिहिलेले, ए-ओ रेघेविना, फाइल NFC मध्ये. हे सूचीच्या डोक्यावर एका वाक्यात छापलं. मग सगळ्या नोंदी देवनागरीत परत नेल्या आणि जिथे मूळ पुस्तकं हाताशी होती तिथे मुखपृष्ठांशी ताडून पाहिल्या. ळ, ड़ आणि ऋ यांच्या चुका यंत्राला नवा तक्ता देऊनच सुटल्या, कारण कुठला तुकडा कुणी केला हे ठाऊक होतं. पापणीचे र हाताने पाहावे लागले. अनुस्वार मात्र सुटले नाहीत. ज्याने ग्रंथालयाच्या पद्धतीने `santa`, `anta`, `dehānta` लिहिलं होतं त्याच्या तुकड्यात मुळात काय होतं हे रोमन अक्षरांवरून सांगायला मार्गच नव्हता. ज्या नोंदींत शंका होती त्या वेगळ्या काढल्या, त्या एकोणीस भरल्या, आणि त्या एकोणीस पुस्तकांसाठी ग्रंथालयांच्या कपाटांसमोर उभं राहावं लागलं. सतरांवर अनुस्वार होता. दोनांवर न् जोडून छापलेला होता.